डीडी कुरिअरमध्ये हरवला. बँक म्हणते आधी डुप्लिकेट, मग रद्द

कृष्णाकाठ | २४ जून, सकाळी ९.४०

नमस्कार मंडळी. मुलाला नागपूरच्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला. फी डीडीनेच भरायची असं माहितीपत्रकात होतं, म्हणून १० जूनला सांगलीच्या आमच्या शाखेतून ६२,००० रुपयांचा डीडी काढला. पैसे बचत खात्यातून वळते केले. ११ तारखेला कुरिअर केलं. तो आजतागायत पोचलेला नाही. कुरिअरवाला रोज "उद्या नक्की" म्हणतो आणि ट्रॅकिंगवर पाकीट आठवडाभर एकाच गोदामात बसून आहे. २० तारीख शेवटची होती. कॉलेजच्या कार्यालयात फोनवर गयावया केली, तेव्हा ते एनईएफटी घ्यायला तयार झाले. १९ ला तशी फी भरली. म्हणजे आज घडीला ६२ हजार दोनदा गेलेत.

काल शाखेत गेले. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं ते असं: डीडी मिळाला नाही असं कॉलेजचं पत्र आणा, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर इंडेम्निटी बाँड करा, दोन जामीनदार आणा, मग डुप्लिकेट डीडी मिळेल. तो डुप्लिकेट आम्हालाच परत द्या, मग रद्द करून पैसे खात्यात टाकू. अहो, मला डुप्लिकेट नकोच आहे! पैसे माझे, डीडी मी काढला, हरवला तर सरळ परत का देत नाहीत?

टेकडीवरचा | २४ जून, १०.०५

ताई, इतकं कशाला? नेटबँकिंगला जा, चेकच्या सेवांमध्ये "स्टॉप पेमेंट" असतं, तिथे डीडीचा नंबर टाका. दोन मिनिटांचं काम. आणि डीडी सहा महिने चालतो, तेव्हा घाई करू नका, पाकीट सापडेलही.

बाबूराव_ऑन_ड्यूटी | २४ जून, १०.२०

शीर्षकात "डीडी हरवला" वाचून मला वाटलं दूरदर्शन बंद पडलं. चालू द्या.

खातेवही | २४ जून, ११.५०

एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची सात शाखाधिकारी म्हणून. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टेकडीवरचे साहेब, स्टॉप पेमेंट चेकला चालतं, डीडीला नाही. चेक म्हणजे आपण आपल्या बँकेला दिलेला हुकूम. पैसे अजून आपल्याच खात्यात असतात, त्यामुळे हुकूम मागे घेता येतो. डीडी काढला त्या क्षणी पैसे ताईंच्या खात्यातून निघाले आणि बँकेच्या स्वतःच्या "देणे ड्राफ्ट" खात्यात जाऊन बसले. त्यावर सही बँकेच्या अधिकाऱ्याची असते. म्हणजे पैसे द्यायचा शब्द आता बँकेचा आहे, ताईंचा नाही. डीडी एकदा कॉलेजच्या हातात पडला की त्यावर हक्क कॉलेजचा. मग काढणाऱ्याने "देऊ नका" म्हटलं तरी बँकेला ऐकता येत नाही. कारण कॉलेजने तोच कागद पैशांसारखा धरून प्रवेश दिलेला असू शकतो.

मुदतीचंही जुनंच डोक्यात आहे तुमच्या. १ एप्रिल २०१२ पासून चेक, डीडी, पे ऑर्डर सगळ्यांची मुदत तीन महिने झाली. ताईंचा डीडी १० जूनचा, म्हणजे सप्टेंबरच्या दहाव्या दिवसाच्या आसपास तो शिळा होईल.

आता ताईंचा प्रश्न. डीडी तुमच्या हातात असता तर गोष्ट सोपी होती. मूळ डीडी, अर्ज आणि ओळखपत्र घेऊन काउंटरला गेलात, मागच्या बाजूला सही केलीत की किरकोळ शुल्क कापून त्याच खात्यात पैसे. कॉलेजच्या हातात तो पडलाच नाही, याचा पुरावा म्हणजे तो तुमच्या हातात आहे हाच. आता मात्र तो हवेत आहे. तो कॉलेजला पोचला नाही हे बँकेला कशावरून कळणार? फक्त कॉलेजच्या तोंडून. म्हणून पत्र. आणि उद्या तो कुठून तरी उगवून वटला तर भरपाई कोण करणार? म्हणून इंडेम्निटी.

डुप्लिकेट काढून तोच रद्द करायचा, हे द्राविडी प्राणायाम वाटतं खरं. पण संगणकावर मूळ नंबरापुढे "हरवला, डुप्लिकेट दिला" अशी नोंद झाली की मूळ कागद क्लिअरिंगला आला तरी परत जातो. आणि डुप्लिकेट बँकेकडेच आल्याने त्या डीडीचा हिशेब मिटतो. काही बँका थेट परतावा देतात, काहींच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि नियमपुस्तकात हाच मार्ग आहे. भांडून फायदा नाही, दोन्ही अर्ज एकाच दिवशी द्या.

एक दिलासा. वीस हजार आणि त्यावरचा डीडी अकाउंट पेयी रेघ मारूनच द्यावा लागतो. म्हणजे पाकीट कोणाच्याही हाती लागलं तरी पैसे फक्त त्या कॉलेजच्याच खात्यात जाऊ शकतात. पैसे बुडण्याची धास्ती सोडा, ते फक्त अडकलेत.

कृष्णाकाठ | २४ जून, १२.३०

काका, एवढं नीट कोणी सांगितलंच नव्हतं. मुलगी नुसती कागदांची यादी वाचत होती. पण माझ्याकडे डीडीची झेरॉक्स नाही. नंबर कसा मिळणार?

खातेवही | २४ जून, १२.४५

पासबुकात १० जूनच्या ओळीत बहुतेक नंबर छापलेला असतो, सहा आकडी. नसला तर डीडीसाठी भरलेल्या फॉर्मची पावती पहा. तीही नसेल तर खाते क्रमांक आणि तारखेवरून शाखेला एका मिनिटात सापडतो. कागदपत्रं जमायची वाट न पाहता आजच एक अर्ज देऊन या. मजकूर साधा ठेवा:

"माझ्या बचत खाते क्र. ... मधून दि. १० जून रोजी काढलेला डीडी क्र. ..., रक्कम रु. ६२,०००, '...' कॉलेजच्या नावे, नागपूर येथे देय, हा कुरिअरमध्ये गहाळ झाला आहे. तो कॉलेजला मिळालेला नाही. कृपया डीडी हरवल्याची नोंद करावी, तो वटला आहे का ते लेखी कळवावे आणि डुप्लिकेट देऊन तो रद्द करून रक्कम वरील खात्यात जमा करावी."

दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. ती तारीख पुढे उपयोगी पडते.

रानमेवा | २४ जून, दुपारी २.१०

पोलीस तक्रारीशिवाय काही होत नाही हो. आमच्या सासऱ्यांचा डीडी एसटीत बॅगेसकट गेला होता. बँकेने एफआयआरची प्रत मागितली. पोलीस म्हणाले, हा एफआयआरचा विषय नाही, हरवल्याचा दाखला घ्या. दोन ठिकाणी दोन-दोन फेऱ्या झाल्या.

खातेवही | २४ जून, २.४०

रानमेवा, ते बँकेगणिक बदलतं. आमच्याकडे हरवल्याचा साधा दाखला चालायचा, एफआयआर आग्रहाने मागत नव्हतो. कुरिअरच्या बाबतीत मी कुरिअर कंपनीचं पत्र किंवा ईमेल घ्यायला सांगायचो. पाकीट गहाळ झालं हे त्यांनी लिहून दिलं की पुष्कळदा पोलिसांचा कागद लागत नाही. पण ताई, तुमच्या शाखेने यादीत तो सांगितलेला नाही, तर आपणहून विचारू नका!

रक्कम पाच हजारांपर्यंत असती तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे ज्या शाखेवर डीडी काढला तिथून "वटला नाही" असा निरोप यायची वाट न पाहता, नुसत्या इंडेम्निटीवर डुप्लिकेट देता येतो. ६२ हजारांना ती सवलत नाही. अर्थात आता सगळं एकाच संगणकावर असल्याने वटला की नाही ते सांगलीत बसूनही दिसतं. पूर्वी नागपूरला पत्र जायचं आणि उत्तर यायला महिना.

गोदावरी_खोरे | २४ जून, सायंकाळी ६.१५

धागा थोडा वळवतो, माफ करा. मी जालन्यात छोटी सरकारी कामं घेतो. निविदेबरोबर बयाणा म्हणून ५०,००० चा डीडी दिला होता. निविदा आमची नाही निघाली. कार्यालयाने डीडी परत दिला तो पाच महिन्यांनी, फाईलला टाचून टाचून वर भोकं पडलेला. बँक म्हणते शिळा झाला. पुढच्या निविदेला परत डीडी हवाच आहे, पण कार्यालय वेगळं आहे. यावरच तारीख वाढवून मिळेल का?

खातेवही | २४ जून, रात्री ८.००

तारीख वाढवून उपयोग काय तुम्हाला? पुनर्वैधता म्हणजे त्याच नावाने पुढे चालू. कार्यालय बदललं म्हणजे नाव बदललं, आणि डीडीवरचं नाव खोडून दुसरं घालता येत नाही. स्पेलिंग चुकलं तरी रद्द करून नवाच काढावा लागतो. तुम्ही हा रद्द करा.

तुमचं आणि ताईंचं प्रकरण वेगळं कुठे आहे ते पहा. तुमचा डीडी खरोखरच त्या कार्यालयाच्या हातात पडला होता. म्हणून नुसता मूळ कागद पुरणार नाही. "बयाणा रक्कम परत, डीडी रद्द करण्यास हरकत नाही" असं कार्यालयाचं पत्र जावक क्रमांकासह, किंवा डीडीच्या मागे त्यांची सही-शिक्का, यातलं एक शाखा मागेल. डीडी परत घेतानाच हे मागून घ्यायला हवं होतं. भोकांचं वाईट वाटून घेऊ नका, नंबर आणि सह्या वाचता आल्या की झालं.

ज्यांना त्याच नावाने हवा आहे त्यांच्यासाठी: काढणाऱ्याने अर्ज द्यायचा, डीडी जिथून काढला त्याच बँकेत. ते नवी तारीख घालून सही-शिक्का करतात. खाडाखोड असलेले चेक क्लिअरिंगमध्ये घेत नाहीत, पण तारखेच्या पुनर्वैधतेपुरती सूट आहे. आमच्या बँकेत ती एकदाच मिळायची.

गोदावरी_खोरे | २४ जून, ८.२५

जावक क्रमांक म्हणालात आणि छातीत धस्स झालं. त्या कार्यालयातला जावक लिपिक दिवाळीपासून रजेवर आहे. बघतो.

परसातली_तुळस | २५ जून, सकाळी ७.५०

वडील गेल्यावर कपाट आवरताना एक डीडी सापडला. २००९ चा, देना बँकेचा, १५,००० चा, एका गृहनिर्माण योजनेच्या नावे. अर्ज भरलाच नसावा, कारण फॉर्मही कोराच सोबत आहे. देना बँक तर आता राहिलीच नाही. याची रद्दी समजायची का?

टेकडीवरचा | २५ जून, ८.०५

तीन महिने मुदत (काल शिकलो!), आणि हा सोळा वर्षांचा. पैसे सरकारजमा झाले समजा.

खातेवही | २५ जून, १०.३०

नाही, अर्धंच बरोबर. मुदत कागदाची संपते, पैशांची नाही. दहा वर्षं कोणी न मागितलेली रक्कम, त्यात न वटलेले डीडीही आले, बँका रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीकडे वर्ग करतात. २०१४ पासून ही सोय आहे. तरी दावा करायचा तो बँकेकडेच. बँक तुम्हाला देते आणि मागाहून निधीकडून वसूल करते. व्याज मिळणार नाही, कारण डीडीच्या पैशांवर मुळातच व्याज नसतं. देना बँक १ एप्रिल २०१९ पासून बँक ऑफ बडोदात विलीन झाली, त्यांच्या जवळच्या शाखेत मूळ डीडी घेऊन जा. कोरा फॉर्म सोडू नका. डीडी योजनेला दिलाच नव्हता, हे त्यावरून सांगता येतं.

वारसा दाखल्याचं मात्र ठाम सांगत नाही. पंधरा हजारांसाठी न्यायालयाचा दाखला मागू नये असं माझं मत, मृत्यूदाखला आणि बाकी वारसांची नाहरकत पुरावी. पण समोरचा अधिकारी काय म्हणेल ते त्याच्यावर.

परसातली_तुळस | २५ जून, ११.१०

भाऊ कॅनडात आहे, बहिणीशी बोलणं नाही. नाहरकत म्हणजे पंधरा हजारांपेक्षा महाग पडणार बहुतेक.

हडसनपार | २५ जून, ११.५५

न्यू जर्सीतून. इथे कॅशिअर्स चेक हरवला तर प्रतिज्ञापत्र द्यायचं आणि चेकच्या तारखेपासून नव्वद दिवस थांबायचं. तोवर मूळ चेक आला तर बँक तो वटवते, नाही आला तर पैसे तुम्हाला. जामीनदार वगैरे नाही. तुमच्याकडे पंधरवड्यात मिळत असेल तर तुम्हीच सुखी म्हणायचं.

कृष्णाकाठ | ३ जुलै, सायंकाळी ५.२०

हालहवाल सांगते. २४ लाच अर्ज दिला, शिक्का घेतला. संगणकावर पाहून त्यांनी "वटलेला नाही" हे अर्जावरच लिहून दिलं. कॉलेजचं पत्र यायला ३० जून उजाडला. पहिल्या पत्रात त्यांनी नुसतं "फी एनईएफटीने प्राप्त" लिहिलं होतं, डीडीचा उल्लेखच नाही. परत फोन करून "डीडी क्र. अमुक प्राप्त झालेला नाही, रद्द करून रक्कम अर्जदारास देण्यास हरकत नाही" असं लेटरहेडवर घेतलं. इंडेम्निटीचा मजकूर बँकेचा छापील होता, स्टॅम्पवर टाईप करून घेतला. जामीनदार म्हणून दीर आणि शेजारचे देशमुख सर, दोघांचं खातं त्याच शाखेत आहे म्हणून फार विचारणा झाली नाही. सगळं काल, २ जुलैला दिलं.

आता म्हणतात मंजुरी विभागीय कार्यालयातून येईल. किती दिवस धरू?

खातेवही | ३ जुलै, ७.१०

रिझर्व्ह बँकेची सूचना पंधरवड्याची आहे. मागणी मिळाल्यापासून पंधरा दिवसांत डुप्लिकेट द्यायचा, उशीर झाला तर जितके दिवस जास्त गेले तितक्या मुदतीच्या ठेवीला जो दर असेल त्या दराने व्याज. मागणारा मूळ काढणारा किंवा ज्याच्या नावे आहे तो असला पाहिजे, तुम्ही पहिल्यात बसता. घोळ एवढाच की शाखा दिवस मोजणार २ जुलैपासून, कागद पूर्ण झाले तेव्हापासून. शब्द "मागणी मिळाल्यापासून" असे आहेत, तुम्ही २४ जून धरू शकता. यावर मी दोन्ही बाजूंनी वाद ऐकलेत.

रानमेवा | ३ जुलै, ७.३०

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा सरळ. cms.rbi.org.in वर तक्रार टाकायची, फुकट असते.

खातेवही | ३ जुलै, ७.४५

सरळ नाही जाता येत. आधी बँकेकडे लेखी तक्रार, तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर तिथे. आत्ता गेलात तर तक्रार तिथल्या तिथे बंद होईल.

कृष्णाकाठ | २५ जुलै, रात्री ९.००

आले पैसे! आज डुप्लिकेट हातात दिला, वर मोठ्या अक्षरात "DUPLICATE" लिहिलेलं. मी मागे सही केली आणि तीच मुलगी तो परत घेऊन गेली. माझ्या हातात जेमतेम चार मिनिटं होता. रद्द करण्याचं शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी कापून बाकी रक्कम दुपारीच खात्यात. डीडी काढतानाचं कमिशन अर्थातच परत नाही.

त्यांच्या हिशेबाने १६ जुलैला पंधरवडा संपला, म्हणजे नऊ दिवस उशीर. व्याजाचं विचारलं तर "असं काही नसतं मॅडम".

बाबूराव_ऑन_ड्यूटी | २५ जुलै, ९.२०

तीन टक्के धरले तरी ६२ हजारांवर नऊ दिवसांचे ४६ रुपये होतात. स्टॅम्प पाचशेचा. घ्या, सोडू नका!

कृष्णाकाठ | ६ ऑगस्ट, सकाळी १०.१५

ऐका आता. काल नागपूरहून कॉलेजच्या लिपिकांचा फोन. पाकीट पोचलं! पंचावन्न दिवसांपूर्वीचं कुरिअर, एक कोपरा भिजलेला, पण डीडी शाबूत. ते म्हणतात, "आलाच आहे तर बँकेत टाकून पुढच्या वर्षीच्या फीत धरू का?" काका, टाकला तर?

खातेवही | ६ ऑगस्ट, १०.४०

अजिबात टाकू देऊ नका. मूळ नंबर बंद केलेला आहे, त्यामुळे तो परत येईलच. पण चुकून वटलाच तर तुमची इंडेम्निटी आणि देशमुख सरांची जामिनकी त्यासाठीच आहे. त्यांना म्हणावं, डीडीवर दोन आडव्या रेघा मारून "रद्द" लिहा, फोटो पाठवा आणि मूळ कागद स्पीड पोस्टाने तुमच्याकडे पाठवा. तुम्ही तो पत्रासोबत शाखेत जमा करा. इंडेम्निटी बाँड परत मागा. देत नाहीत बहुतेक, पण मूळ डीडी जमा झाल्याची पोच तरी हवीच. देशमुख सरांनाही तिची एक प्रत द्या.

टेकडीवरचा | ६ ऑगस्ट, १०.५५

आणि यावेळी कुरिअर नको.

कृष्णाकाठ | १४ ऑगस्ट, दुपारी १.३०

स्पीड पोस्ट तिसऱ्या दिवशी आलं. आज डीडी जमा केला, पोच मिळाली. बाँड त्यांच्या फाईलमध्येच राहणार म्हणाले. ४६ रुपयांचा अर्जही सोबत दिलाय. मुलीने तो वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि शिक्का मारला.

गोदावरी_खोरे | १४ ऑगस्ट, ४.००

ताई, अभिनंदन. माझा जावक लिपिक अजून रजेवरच आहे.